इअरबड्स जोडलेत, पण एकाच ॲपचा आवाज येत नाही: नेमकं कुठे बघायचं

प्रश्न: "इअरबड्स फोनला कनेक्ट होतात, यूट्यूब आणि गाणी व्यवस्थित ऐकू येतात. पण क्लासच्या ॲपमधल्या लाइव्ह लेक्चरला आवाजच नाही. त्याच ॲपमधलं रेकॉर्डेड लेक्चर ऐकू येतं, पण कधी कधी व्हिडिओ चालू राहतो आणि आवाज मधेच गायब होतो. इअरबड्स अनपेअर करून परत जोडले, ॲप काढून परत टाकलं, फरक नाही. फोन अँड्रॉइड 13 आहे. परवानग्यांचं काही असेल का?"

उत्तर:

नमस्कार. तुमच्या चार ओळींत दोन वेगवेगळी दुखणी आहेत, ती आधी वेगळी करू. लाइव्हला मुळातच आवाज नसणं आणि रेकॉर्डेडचा आवाज मधेच जाणं, यांचा एकमेकांशी बहुधा काही संबंध नाही. एकच ॲप आणि एकच इअरबड्स असल्यामुळे ते एक वाटतं, आणि मग एका उपायाने दोन्ही जाईल अशी आशा धरून माणूस अनपेअर, रीसेट, फॅक्टरी रीसेट असा चढत जातो. तुम्ही तिथवर पोचला नाहीत हे बरं झालं. यूट्यूब ऐकू येतंय याचा अर्थ इअरबड्स, त्यांची बॅटरी, पेअरिंग आणि फोनचं ब्लूटूथ ठीक आहे. त्यांना हात लावू नका.

मी ॲपमध्ये आवाज वाजवण्याच्या भागावरच काम करतो आणि अशा तक्रारी रोज वाचतो. पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारतो: हे ॲप गाण्यासारखा आवाज काढतंय की कॉलसारखा? कारण ब्लूटूथ इअरबड्स फोनला एका नाही, दोन वाटांनी जोडलेले असतात. एक वाट मीडियाची: आवाज फक्त फोनकडून कानाकडे जातो, स्टिरिओ, चांगल्या दर्जाचा. दुसरी कॉलची: तिच्यात इअरबड्सचा माइकही चालतो, आवाज दोन्हीकडून जातो, पण तो मोनो आणि अरुंद असतो. जुन्या पद्धतीत 8 किलोहर्ट्झ, आता बहुतेक ठिकाणी 16 किलोहर्ट्झ. गाणी 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झची असतात, त्यामुळे कॉलच्या वाटेने आलेला आवाज नेहमी जरा बसका लागतो. "कनेक्टेड" एवढा शब्द दिसला म्हणून दोन्ही वाटा उघड्या आहेत असं नाही.

यूट्यूब, गाणी आणि तुमचं रेकॉर्डेड लेक्चर मीडियाच्या वाटेने जातं. लाइव्ह लेक्चरमध्ये मात्र "हात वर करा", "सरांना प्रश्न विचारा" अशी सोय असते, म्हणजे तुमचा माइक लागू शकतो. त्यामुळे बरीच ॲप्स लाइव्हमध्ये शिरताच फोनला कॉलच्या पद्धतीत नेतात. बरीच म्हणालो, सगळी नाही. काही ॲप्स लाइव्हसुद्धा साध्या व्हिडिओसारखं दाखवतात आणि हात वर केल्यावरच कॉलच्या पद्धतीत जातात. तुमचं ॲप कुठल्या जातीचं आहे हे मला इथून कळणार नाही, पण तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळेल.

लाइव्ह लेक्चर सुरू असताना आवाजाचं बटण एकदा दाबा आणि पडद्यावर जी पट्टी येते तिच्यावरचं चित्र बघा. संगीताचं चिन्ह किंवा हेडफोन असेल तर मीडिया. टेलिफोनचा रिसीव्हर असेल तर कॉल. रिसीव्हर दिसला तर लगेच दुसरी गोष्ट करा: फोन उचलून, फोनवर बोलताना लावतो तसा कानाला लावा. वरच्या फटीतून सरांचा बारीक आवाज येतोय का? अशा तक्रारींमध्ये तो बऱ्याचदा तिथेच असतो. कानात इअरबड्स घातल्यामुळे आणि फोन टेबलावर पडल्यामुळे कुणाला ऐकू येत नाही, आणि सगळे म्हणतात ॲपला आवाजच नाही.

आवाज तिथे सापडला तर आता प्रश्न फक्त तो इअरबड्सकडे का वळत नाही एवढाच. याची तीन कारणं मला वारंवार दिसतात.

पहिलं, कॉलची वाट बंद केलेली असणं. ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावापुढचं दाताळं चाक दाबा. आत `Phone calls` आणि `Media audio` अशी दोन बटणं दिसतील. सॅमसंगवर ती `Calls` आणि `Audio` या नावाने असतात. कॉलचं बटण बंद असेल तर चालू करा. ते आपोआप क्वचितच बंद होतं. गाण्याचा दर्जा सुधारतो म्हणून किंवा कॉल आला तर तो फोनवरच यावा म्हणून लोक ते स्वतः बंद करतात आणि विसरतात. तसंच "लाइव्हला आवाज नसेल तर कॉलचं बटण बंद करा, म्हणजे ॲप मीडियाने वाजवेल" असा सल्ला फिरत असतो. तो उलटा पडतो. ॲप कॉलच्या पद्धतीतच राहतं, फक्त आवाजाला इअरबड्सकडे जायला वाट उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे तुम्ही विचारलेली परवानगी. यात एक गैरसमज आधी काढतो: अँड्रॉइडवर आवाज वाजवायला कुठलीच परवानगी लागत नाही. तुम्ही ॲपला फोटो, फाइल, लोकेशन सगळं नाकारलंत तरी ते वाजतं. म्हणून रेकॉर्डेड लेक्चरच्या बाबतीत परवानग्यांच्या यादीत शोधाशोध करण्यात अर्थ नाही. लाइव्हची गोष्ट निराळी. कॉलच्या पद्धतीतलं ॲप आवाज कुठे पाठवायचा ते स्वतः ठरवतं, आणि ब्लूटूथचा हेडसेट जोडलेला आहे की नाही हे बघायला अँड्रॉइड 12 पासून त्याला एक वेगळी परवानगी लागते. पडद्यावर तिचं नाव `Nearby devices`. नावात ना आवाज, ना हेडफोन. "जवळपासची उपकरणं शोधू का" असं क्लासच्या ॲपने विचारलं की शहाणा माणूस "नको" म्हणतो, आणि दोनदा नको म्हटलं की अँड्रॉइड ॲपला तो प्रश्न पुन्हा विचारू देत नाही. त्यानंतर त्या ॲपच्या दृष्टीने तुमचे इअरबड्स अस्तित्वातच नसतात.

परवानगी पूर्वी दिलेली असली तरी ती निघून गेलेली असू शकते. काही महिने ॲप उघडलं नाही तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या आपणहून काढून घेतं. परीक्षा झाली, ॲप पडून राहिलं, पुढच्या बॅचला परत उघडलं, आणि "मागच्या वर्षी तर चालत होतं" अशी तक्रार येते. तुम्ही ॲप काढून परत टाकलंत तेव्हाही सगळ्या परवानग्या कोऱ्या झाल्या असतील आणि पहिल्याच दिवशी आलेले प्रश्न तुम्ही घाईत नाकारले असतील, हे तपासून बघा. सेटिंग्जमध्ये `Apps`, मग ते ॲप, मग `Permissions`, तिथे `Nearby devices` ला परवानगी द्या. मग ॲपच्या त्याच पानावरून `Force stop` करा. हा टप्पा गाळू नका, कारण हेडसेट जोडलाय का हे पुष्कळ ॲप्स फक्त सुरू होताना किंवा वर्गात शिरताना बघतात.

तिसरं कारण साधं आहे. काही ॲप्सच्या लाइव्ह पडद्यावर स्पीकरचं छोटं बटण असतं. ते दाबलं की फोन, स्पीकर, ब्लूटूथ अशी यादी उघडते. मागच्या वेळी तिथे "फोन" निवडलं असेल तर ॲप ते लक्षात ठेवतं. आणि इअरबड्स वर्गात शिरण्याआधी जोडा. मधेच जोडले तर आवाज तिकडे न्यायचं काही ॲप्सच्या डोक्यात येत नाही.

या तिघांपैकी नेमकं कोणतं, हे ओळखायला एक चाचणी पुरते. इअरबड्स घालून घरातल्या कुणालातरी सिमवरून साधा फोन करा. साध्या कॉलचा आवाज कुठे जाणार हे फोनची स्वतःची व्यवस्था ठरवते, त्यात क्लासच्या ॲपचा किंवा त्याच्या परवानगीचा संबंध येत नाही. समोरच्याचा आवाज इअरबड्समध्ये आला तर कॉलची वाट उघडी आहे आणि दोष ॲपच्या बाजूला आहे: परवानगी किंवा ते स्पीकरचं बटण. कॉलसुद्धा फोनवरच ऐकू आला तर ब्लूटूथमधलं कॉलचं बटण बघा. आणि ते चालू असूनही येत नसेल तर इअरबड्स त्याच वेळी लॅपटॉपला जोडलेले आहेत का ते बघा. दोन उपकरणांना एकदम जोडणारे इअरबड्स कधी कधी लॅपटॉपवरच्या मीटिंगला चिकटून बसतात.

ओळखीतल्या एका मुलीच्या फोनवर अगदी हेच झालं होतं, ते सांगतो. स्पर्धा परीक्षेचा क्लास, ॲप वेगळं, तक्रार तीच. लाइव्ह चालू असताना पट्टीवर रिसीव्हर दिसला. फोन कानाला लावल्यावर सर ऐकू आले. आईला लावलेला फोन मात्र इअरबड्समध्ये आला, म्हणजे वाट शाबूत. परवानग्यांमध्ये `Nearby devices` नाकारलेलं होतं. ते दिलं, ॲप पूर्ण बंद केलं, परत वर्गात शिरलो, आणि तरी तिला काही ऐकू येईना. या वेळी फोन कानाला लावला तर तिथेही शांतता होती. म्हणजे आवाज आता इअरबड्सकडे वळला होता, फक्त त्याची पातळी तळाला होती. अँड्रॉइड मीडियाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतं आणि कॉलचा वेगळा, आणि तेही प्रत्येक उपकरणासाठी निराळं. गाण्यांची पट्टी भरलेली असली तरी इअरबड्सवरच्या कॉलची पट्टी खाली असू शकते. लाइव्ह चालू असतानाच बटण वर दाबत नेल्यावर सर ऐकू आले. तिची पुढची तक्रार होती की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्यावर मात्र इलाज नाही, कॉलची वाटच तेवढी अरुंद आहे. लेक्चरला चालतं.

ॲपचा स्वतःचा आवाज, म्हणजे ॲपच्या आतली पट्टी किंवा म्यूट, हे तुमच्या बाबतीत मला कमी शक्य वाटतं, पण एकदा बघून घ्या. ओळखायची खूण अशी: असा दोष असेल तर ॲप इअरबड्सवरच नाही, फोनच्या स्पीकरवरही मुकं असतं. ब्लूटूथ बंद करून लाइव्ह उघडा. स्पीकरवर वाजलं तर हा मुद्दा सोडून द्या. नाही वाजलं तर प्लेअरच्या कोपऱ्यात फुली मारलेला स्पीकर दिसतो का बघा; वेबपेजसारखा प्लेअर असेल तर तो आपोआप सुरू होताना अनेकदा म्यूट होऊनच सुरू होतो. मूळ अँड्रॉइडमध्ये दर ॲपची वेगळी पट्टी नसते, पण काही कंपन्या ती देतात. सॅमसंगवर `Separate app sound` नावाची सोय आहे, तिने एखाद्या ॲपचा आवाज ठरावीक उपकरणालाच बांधून ठेवता येतो. ती चालू करून विसरलेला माणूस इअरबड्स कितीही वेळा बदलू दे, तेवढं एक ॲप स्पीकरवरच बोलत राहतं.

आता रेकॉर्डेड लेक्चर. व्हिडिओ पुढे सरकतोय, सरांचे हात हलतायत, आवाज नाही. हे ऑडिओ फोकसचं लक्षण आहे, आणि याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनवर एकाच वेळी अनेक ॲप्सना बोलायचं असतं. कुणाचं ऐकायचं यासाठी अँड्रॉइडने ठेवलेली शिस्त म्हणजे ऑडिओ फोकस. गावच्या सभेत माइक एकच असतो, तसं समजा. वाजवण्याआधी ॲपने माइक मागायचा. दुसऱ्याने मागितला की पहिल्याला "तुझा माइक गेला" असा निरोप येतो आणि त्याने थांबायचं. मागण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. रस्ता सांगणारं ॲप म्हणतं, "दोन सेकंद द्या, तुम्ही हळू आवाजात चालू ठेवा." असिस्टंट म्हणतो, "थोडा वेळ थांबा, मग परत घ्या." आणि गाण्याचं किंवा छोट्या व्हिडिओंचं ॲप सरळ म्हणतं, "आता माइक माझा." पहिल्या दोन प्रकारांत तुमचं लेक्चर आपोआप पूर्ववत होतं. तिसऱ्यात होत नाही.

पूर्वी ही निव्वळ सभ्यतेची गोष्ट होती. निरोप आला तरी एखादं ॲप बोलतच राहिलं तर दोन आवाज एकमेकांत मिसळून ऐकू यायचे. अँड्रॉइड 12 पासून व्यवस्था स्वतः हस्तक्षेप करते. एक मीडिया ॲप वाजत असताना दुसऱ्याने कायमचा फोकस मागितला की पहिल्याचा आवाज व्यवस्थाच हळूहळू उतरवते, मग त्याला निरोप देते, आणि ते ॲप पुन्हा फोकस मागत नाही तोवर त्याचे प्लेअर मुके ठेवते. नीट लिहिलेलं ॲप निरोप मिळताच व्हिडिओ थांबवतं, आणि तुम्ही प्ले दाबलं की आधी फोकस मागतं, मग वाजवतं. कच्चं लिहिलेलं ॲप निरोपाकडे लक्षच देत नाही. त्याचा व्हिडिओ पुढे जात राहतो, पण व्यवस्थेने त्याचा गळा धरलेला असतो. तुम्हाला दिसतंय ते बहुधा हेच.

म्हणून पुढच्या वेळी आवाज गेला की पॉज करून प्ले दाबा. आवाज परत आला तर निदान पक्कं: ॲपने प्ले दाबल्यावर फोकस पुन्हा मागितला. त्यानेही नाही आला तर ॲप अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून सरकवून टाका आणि परत उघडा. त्यानंतर चोर शोधा. आवाज जाण्याच्या क्षणी काय झालं होतं? मधे चॅटवर आलेला व्हिडिओ उघडला होता, छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर नजर टाकली होती, स्क्रीनच्या कोपऱ्यात गेम चालू होता? व्हिडिओ आवाज न करता चालला तरी त्याच्या ॲपने फोकस मागितलेला असू शकतो, आणि तुम्हाला वाटतं मी तर काहीच वाजवलं नाही.

घरात कॉम्प्युटर असेल आणि डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करता येत असेल तर अंदाजावर राहायची गरज नाही. कॉम्प्युटरवर `adb` हे साधन टाकून फोन केबलने जोडून ठेवा, आणि आवाज गेलेला असतानाच कॉम्प्युटरवर ही आज्ञा चालवा:

```
adb shell dumpsys audio > audio.txt
```

फाइल लांबलचक असते, घाबरू नका. तिच्यात `Audio Focus stack entries` शोधा. खालची यादी फोकस कुणाकडे आहे ते सांगते, सगळ्यात शेवटचं नाव सध्याच्या मालकाचं. `pack:` पुढे ॲपचं नाव असतं. मग त्याच फाइलमध्ये `AudioPlaybackConfiguration` शोधा. तुमच्या क्लासच्या ॲपची ओळ `state:started` म्हणत असेल, म्हणजे ते वाजवतंय, पण फोकसच्या यादीत त्याचं नाव नसेल, तर वर सांगितलं तेच घडतंय आणि यादीतलं शेवटचं नाव चोराचं आहे. याच ओळींत `usage=` सुद्धा असतं. लाइव्ह चालू असताना ही फाइल काढलीत तर तिथे `USAGE_VOICE_COMMUNICATION` दिसलं की ॲप कॉलच्या वाटेने वाजवतंय, `USAGE_MEDIA` दिसलं की मीडियाच्या. रिसीव्हरच्या चित्राने जे सांगितलं त्याचा हा लेखी पुरावा.

क्वचित कुणी बॅटरी वाचवायच्या नादात एखादं साधन वापरून ॲपचा आवाज आतूनच बंद केलेला असतो. सेटिंग्जच्या परवानग्यांत ते दिसत नाही. तशी शंका असेल तरच हे बघा, ॲपचं पॅकेज नाव घालून:

```
adb shell cmd appops get PACKAGE PLAY_AUDIO
```

उत्तरात `ignore` आलं तर दोष तिथे आहे. तुम्ही असलं काही वापरलं नसेल तर इथे वेळ घालवू नका.

तुमच्या जागी मी असतो तर आज संध्याकाळच्या लाइव्हला याच क्रमाने गेलो असतो: पट्टीवरचं चित्र, फोन कानाला, साधा कॉल, मग `Nearby devices`, मग लाइव्ह चालू असताना आवाज वाढवणं. यातच ते सुटेल असा माझा अंदाज आहे. सगळं ठीक असून ॲप तरीही ब्लूटूथकडे वळत नसेल तर ते ॲपच्या कोडमधलं अपुरं काम आहे, तुमच्या हातात फारसं नाही. वायरचा हेडफोन लावा, त्याला ही परवानगी लागत नाही आणि आवाज सहसा आपोआप तिकडे जातो. क्लासची वेबसाइट असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये लाइव्ह उघडून बघा, तिथे कधी कधी साधा व्हिडिओ मिळतो.

आणि ॲपवाल्यांना कळवताना "आवाज येत नाही" एवढंच लिहू नका. तसं लिहिलंत तर "ॲप अपडेट करा" हे उत्तर ठरलेलं आहे. असं लिहा: "अँड्रॉइड 13, फोनचं मॉडेल अमुक. लाइव्हमध्ये कॉलची पट्टी येते, आवाज फोनच्या इअरपीसमधून येतो. सिमचा कॉल इअरबड्सवर येतो. `Nearby devices` दिलेली आहे. रेकॉर्डेडमध्ये दुसऱ्या ॲपने फोकस घेतल्यावर व्हिडिओ थांबत नाही, फक्त आवाज जातो." हा मजकूर सपोर्टच्या माणसाला कळो न कळो, तो पुढे ज्याच्याकडे पाठवेल त्याला कुठली फाइल उघडायची ते लगेच कळेल.